या चुका टाळा: मुलाखतीतले कट कटअवेनं झाकताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मे महिन्यात आम्ही एका शेतकरी काकांची मुलाखत घेतली होती. विषय होता 2017 चा खरीप आणि गुलाबी बोंडअळी. चाळीस मिनिटांच्या बोलण्यातून चार मिनिटांचा तुकडा काढायचा, म्हणजे कट भरपूर पडणार. त्यातला एक कट बसवताना मी एकामागून एक ज्या चुका केल्या, त्याच नव्यानं एडिटिंग करणाऱ्या बहुतेक पोरांच्या टाइमलाइनवर मला दिसतात. म्हणून तो एकच कट इथं पूर्ण उलगडून सांगतो.

काका म्हणाले, "त्या साली पऱ्हाटी पाह्यली तं मन भरून ये." पऱ्हाटी म्हणजे कपाशी. मग ते थांबले, दुपट्ट्यानं घाम पुसला आणि आतल्या बाजूला पाहून "च्या ठेव वो" म्हणाले. तेवढ्यात नातवानं कूलर लावला. अकरा सेकंदांनी ते पुन्हा बोलू लागले, "मंग एक दिवस बोंड फोडलं, तं आत अळी." मधले अकरा सेकंद काढले की दोन वाक्यं छान जुळतात, पण चित्र उडी मारतं. आधी खांद्यावर असलेला दुपट्टा एकदम मांडीवर येतो आणि मान डावीकडून उजवीकडे जाते. हाच जंप कट.

माझी पहिली चूक अशी की मी लगेच चित्र झाकायला धावलो. कटाच्या बरोबर वर एक सेकंदाचा हिरव्या शेताचा शॉट, म्हणजेच कटअवे, टाकला. उडी दिसेनाशी झाली, पण पाहणाऱ्याला कळत होतंच की इथं काहीतरी लपवलंय. कारण कटअवे फक्त डोळ्यांवर पडदा टाकतो, कानावर टाकत नाही. "मन भरून ये" शांततेत होतं आणि "मंग एक दिवस" कूलरच्या घरघरीत. चित्र कितीही सुंदर असो, ती घरघर एका फ्रेममध्ये सुरू झाली की कान तिथंच अडकतो.

त्यामुळे आता आधी वरचा व्हिडिओ ट्रॅक बंद ठेवून नुसता आवाज जुळवतो आणि डोळे मिटून ऐकतो. डोळे मिटून जिथं कट कळतो, तिथं तो कटअवे टाकल्यावरही कळणारच. तपासायच्या गोष्टी तीनच. श्वास अर्धा तुटलाय का, हे पहिलं: एकतर श्वास पूर्ण ठेवा नाहीतर पूर्ण काढा. दुसरं, वाक्याचा सूर खाली आलाय का. वऱ्हाडी बोलणारा माणूस "तं" वर सूर वर नेऊन क्षणभर थांबतो. तिथं कापून वाक्य संपवलं तर ते लोंबकळत राहतं, मग शब्द कितीही बरोबर असोत. तिसरं, मागचा आवाज. गोठ्यातल्या बैलाच्या घंटीचा "टन्" अर्धाच राहिला, की खेड्यातला प्रेक्षक मान वर करतो. कट दोन-चार फ्रेम मागेपुढे सरकवून घंटी पूर्ण वाजू द्या आणि जोडावर दोन-तीन फ्रेमचा ऑडिओ क्रॉसफेड द्या.

कूलरवर उपाय वेगळा करावा लागला. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायची सवय होती, आणि तेव्हा कूलर सुरूच होता. तीच घरघर मी पहिल्या वाक्याखाली दोन सेकंद आधीपासून हळूहळू वर आणली आणि जोडापाशी मूळ घरघरीत मिसळली. आता कूलर एकदम उगवत नाही. हा अर्धा मिनिट घेतला नसेल, तर दुसऱ्या वाक्यातली घरघर फिल्टरनं कमी करायला जाल आणि काकांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होईल.

मग चित्र. कटअवेचं तोंड आणि शेपूट दोन्ही आवाजाच्या कटापासून लांब हवीत. ज्या क्षणी वाक्य जोडलंय त्याच क्षणी चित्रही बदललं, तर डोळा आणि कान एकमेकांना साक्ष देतात. म्हणून माझा शॉट "पऱ्हाटी" या शब्दावरच सुरू होतो, जोड त्याच्या मधोमध कुठंतरी जातो आणि चेहरा परत येतो तो "बोंड फोडलं" नंतर. एकूण चार सेकंदांच्या आसपास. एका सेकंदाचा कटअवे ठिगळच दिसतो. शॉटमध्ये काही क्रिया सुरू झाली असेल तर ती पुरी होईपर्यंत थांबावं. त्यासाठी शूटिंगच्या वेळीच प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद धरून ठेवावा लागतो. कॅमेरा सतत फिरवत घेतलेल्या शॉटमधून एडिटिंगला काहीच हाती लागत नाही.

आणि ते हिरवं शेत? तो शॉट मी दुसऱ्या कामासाठी ऑगस्टमध्ये काढलेला होता. गोष्ट बोंडं धरल्यानंतरची, शॉट त्याच्या कितीतरी आधीचा. पुण्या-मुंबईचा माणूस कदाचित फसेल, पण आर्णी-घाटंजीकडचा प्रेक्षक पऱ्हाटीच्या उंचीवरून महिना सांगतो. मे महिन्यात शेतं उखरलेली, उभी पऱ्हाटी कुठून आणणार? पण काकांच्या घरामागं जळणासाठी पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनाच ढिगातलं एक वाळलेलं बोंड काढायला लावलं. त्यांच्या अंगठ्याचं नख बोंडाच्या फटीत शिरतं, कवच कडकन फुटतं आणि आत पांढऱ्या कापसाऐवजी खराब कापसाची पिवळसर, चिकटून बसलेली कवडी दिसते. अळी दिसत नाही आणि दाखवायचीही नव्हती. कवडी दिसली की मी चेहऱ्यावर परत येतो आणि "तं आत अळी" ते स्वतः सांगतात. फुटण्याचा आवाज बोलण्याखाली हलका ठेवलाय, शब्द झाकणार नाही इतकाच.

त्यांचाच लांबून घेतलेला शॉट झाकायला वापरू नका, ओठ दिसले की बोलणं जुळत नाही. हात, पाठ, पायाखालची माती चालते. सॉफ्टवेअरमधले उडी आपोआप मिटवणारे Morph Cut किंवा Smooth Cut तेव्हाच जमतात जेव्हा माणूस जवळपास स्थिर असतो. मागं लिंबाच्या झाडाची पानं हलत असतील तर चेहऱ्याभोवती चित्र वितळल्यासारखं होतं.

दोन जागा मात्र झाकायच्याच नाहीत. पुढं कर्जाबद्दल बोलताना काका सहा सेकंद गप्प राहिले. मी सवयीनं तिथं विहिरीचा शॉट टाकला होता आणि त्या तुकड्यातली सगळी ताकद निघून गेली. तिथं कट नव्हता, फक्त शांतता होती, आणि ती मला सहन झाली नाही. शॉट काढला, चेहरा तसाच ठेवला.

दुसरी जागा जास्त गंभीर. काका म्हणाले होते, "मदत भेटली, पण लय उशिरानं." लांबी कमी करताना मी "मदत भेटली" वर कापून वर बैलबंडीचा शॉट घातला. कट इतका बेमालूम होता की माझाही विश्वास बसला असता. उघडा जंप कट प्रेक्षकाला निदान सांगतो की इथून काही काढलंय, कटअवे तेही सांगत नाही. म्हणून कटअवेखालचा प्रत्येक जोड मी आता मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहतो: काढलेल्या भागात "पण", "नाई", "तवा" असं वाक्य फिरवणारं काही होतं का? इथं होतं. "पण लय उशिरानं" परत घातलं, दीड सेकंद वाढला, आणि तेवढा दीड सेकंद मी दुसऱ्या एका वाक्यातून कमी केला.