विमानप्रवासाचा वेळ मोजताना या चुका टाळा

तिकिटावर सुटण्याची वेळ १९:४० आणि पोहोचण्याची २१:१५ असली, की बहुतेक जण म्हणतात, "दीड तासाची फ्लाइट आहे." नागपूर ते मुंबई विमान हवेत असतं ते साधारण तास-सव्वा तास. मग उरलेला वेळ जातो कुठे? तिकिटावरची वेळ मोजतात ती विमान जागेवरून हललं तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची रांग, उड्डाण, उतरल्यावर पार्किंगपर्यंत जाणं, हे सगळं त्यात येतं. शिवाय त्या मार्गावर, त्या वेळेला, त्या मोसमात आधी किती वेळ लागला ते पाहून कंपनी थोडा वाव धरूनच वेळापत्रक आखते.

हा वाव आपल्या खिशातला आहे असं समजून बेत आखणं, ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक. माझ्याकडे तिकिटं काढणाऱ्या एका काकांचा मुलगा शिकायला जर्मनीला निघाला होता. मुंबईहून त्याचं विमान २३:५५ चं होतं. नागपूर-मुंबई तिकीट त्याने स्वतःच वेगळं काढलं, कारण तसं स्वस्त पडत होतं. नकाशावर विमान दाखवणाऱ्या ॲपवर त्याने पाहिलं होतं की हे विमान तास-सव्वा तासात उतरतं. म्हणजे नऊच्या आतच मुंबई, पुढे तीन तास मोकळे, असा त्याचा हिशोब. पण ते ॲप चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंतचा वेळ सांगत होतं.

त्या दिवशी विमान १९:५५ ला हललं, २०:०८ ला उडालं आणि मुंबईवर गर्दी असल्याने घिरट्या घालत राहिलं. उतरलं २१:३५ ला, जागेवर लागलं २१:४५ ला. बॅग हातात आली तेव्हा सव्वादहा झाले होते. टर्मिनल १ वरून टर्मिनल २ ला रस्त्यानेच जावं लागतं. वाहतुकीतून पोहोचेपर्यंत २३:०५. काउंटर २२:५५ लाच बंद झालं होतं. पहिलं विमान जेमतेम अर्धा तास उशिरा आलं होतं, पण तिकिटं वेगळी असल्याने दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी नव्हती. नवीन तिकिटाचे पैसे काकांनी भरले. वेगवेगळ्या तिकिटांवर परदेशी विमान पकडायचं असेल, तर मी आदल्या दिवशीच मुंबईत पाठवतो. कुणाला हे फार वाटतं, पण दोन-तीन हजार वाचवण्याच्या घाईत व्हिसा आणि ॲडमिशन टांगणीला लावणं मला पटत नाही.

आणि "वेळेवर" या शब्दावरही फार विसंबू नका. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान आकडेवारीत वेळेवरच धरलं जातं.

दुसरी मोठी चूक म्हणजे दोन घड्याळांची वजाबाकी. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. समजा उन्हाळ्यात मुंबईहून ०४:३० ला निघून ०६:०५ ला दुबई, तिथून ०८:३० ला निघून १४:२५ ला न्यूयॉर्क. वरवर पाहिलं तर दहा तासांचा प्रवास वाटतो. मी कागद घेऊन सगळं भारतीय वेळेत लिहून काढतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे पोहोचणं ०७:३५ आणि निघणं १०:००. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणजे पोहोचणं रात्री २३:५५. आता बेरीज करा: ३ तास ५ मिनिटं, मग २ तास २५ मिनिटं थांबा, मग १३ तास ५५ मिनिटं. एकूण १९ तास २५ मिनिटं. बुकिंग साइटवर 'एकूण कालावधी' म्हणून हाच आकडा दिसतो, थांबा धरून.

तो अडीच तासांचा थांबाही पूर्ण तुमचा नसतो. विमान जागेवर लागल्यापासून पुढचं हलेपर्यंत तो मोजलेला असतो. आधीच्या विमानातून बाहेर पडायला वीसेक मिनिटं जातात आणि पुढचं गेट सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी बंद होतं. मधे पुन्हा सुरक्षा तपासणी. आई-वडील पहिल्यांदा जात असतील, तर मी तीन तासांखालचा थांबा घेत नाही.

बाकी थोडक्यात. पोहोचण्याच्या वेळेशेजारी छोटं +1 असेल, तर पोहोचणं दुसऱ्या तारखेला. १५ तारखेला ००:३० चं विमान असेल, तर विमानतळावर १४ च्या रात्री जायचं. हे मी प्रत्येकाला फोन करून सांगतो. 'डायरेक्ट' लिहिलेलं विमान वाटेत उतरू शकतं, थांबे शून्य आहेत का ते बघा. आणि लंडनच्या आणि आपल्या वेळेतलं अंतर उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच तास असतं. तिथली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी हिशोब नव्याने मांडावा.