जुन्या लॅपटॉपसाठी खेळ निवडताना करायची तयारी

खेळ विकत घेण्याआधी आपल्या लॅपटॉपमध्ये नेमके काय आहे, हे पाहून ठेवावे. विंडोजवर `dxdiag` असे लिहून चालवले की प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची नावे मिळतात. येथे उदाहरणादाखल २०१५च्या सुमारास स्वस्तात मिळणारा साधा लॅपटॉप गृहीत धरला आहे: इंटेलचा कोअर आय३-५००५यू, त्याच चिपवरचे एचडी ग्राफिक्स ५५००, ४ जीबी रॅम आणि १३६६ × ७६८चा पडदा. यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे चित्र रंगवण्यासाठी लागणारी मेमरीही त्याच ४ जीबीमधून जाते, आणि रॅम व चिप यांच्यातली डेटाची ये-जा बहुतेक वेळा सर्वांत आधी अडते. म्हणून खेळ किती जुना किंवा किती साधा दिसतो यापेक्षा, एका फ्रेममध्ये पडद्यावरचा प्रत्येक ठिपका त्याला किती वेळा रंगवावा लागतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्यासाठी खेळाचे इंजिन, म्हणजे तो ज्या तयार सॉफ्टवेअरच्या पायावर उभारला आहे ते, आणि त्याची चित्रशैली या दोन्ही गोष्टी एकत्र तपासाव्यात. इंजिनाचे नाव पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर सहसा मिळते. खेळ आधीच हाताशी असेल, तर त्याच्या फोल्डरमध्ये डोकवावे: `UnityPlayer.dll` दिसली तर तो युनिटीचा, `data.win` असेल तर गेममेकरचा, आणि `Engine` नावाच्या फोल्डरसोबत `.pak` फायली असतील तर बहुधा अनरिअलचा असतो. गेममेकरवरचा अंडरटेल (२०१५) किंवा आता मोनोगेमवर चालणारा स्टारड्यू व्हॅली (२०१६) यांत लहान चौकोनी चित्रे एका सपाट पृष्ठभागावर मांडलेली असतात, एकावर एक पारदर्शक थर फारसे नसतात आणि प्रकाशाचे गणितही किरकोळ असते. असे खेळ वर सांगितलेल्या लॅपटॉपवर निर्धास्तपणे घ्यावेत.

मात्र पिक्सेल आर्ट दिसली की खेळ हलकाच असणार, हा समज सोडावा. ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर या खेळातील पात्रे जुन्या काळातल्यासारखी ठिपक्यांची आहेत, पण ती अनरिअल इंजिन ४ने उभारलेल्या त्रिमितीय देखाव्यात चालतात आणि त्यावर धूसरपणा, चकाकी व सावल्या यांचे संस्कार प्रत्येक फ्रेमला पुन्हा होतात. फायरवॉच (२०१६) तर भित्तिचित्रासारखा सपाट रंगांचा वाटतो, परंतु दाट झाडी, धुके आणि सावल्यांमुळे तो एचडी ग्राफिक्स ५५००ला जड जातो. असे खेळ यादीतून काढलेलेच बरे.

खरी पारख हॉलो नाइटसारख्या (२०१७) मधल्या खेळांची करावी लागते. हा युनिटीवरचा द्विमितीय खेळ आहे, पण त्याची खोली पुढेमागे ठेवलेल्या अनेक पारदर्शक चित्रांनी साधलेली आहे, त्यामुळे तोच ठिपका पुन्हापुन्हा रंगवला जातो. तो घेतल्यास सेटिंग्जमध्ये धूसरपणाची गुणवत्ता आणि कणांचे प्रमाण कमी करावे. मोठा बाहेरचा पडदा जोडला असेल तरी १९२० × १०८०चा मोह टाळावा, कारण तेथे ठिपके जवळजवळ दुप्पट होतात.

जुन्या अभिजात खेळांपैकी व्हॉल्व्हचे हाफ-लाइफ २ (२००४) आणि पोर्टल (२००७) त्रिमितीय असूनही नि:शंक घ्यावेत. त्यांच्या सोर्स इंजिनात भिंती-जमिनींवरचा बराचसा प्रकाश आधीच मोजून चित्रात बसवलेला असतो, तो खेळताना नव्याने काढावा लागत नाही. अशा खेळाची नवी, सजवलेली आवृत्ती मात्र वेगळा खेळ समजून पुन्हा तपासावी; नाव तेच असले तरी इंजिनातले काम बदललेले असते.

खरेदीनंतर चाचणी लगेच घ्यावी, कारण स्टीम या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानात परतावा साधारणपणे १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळले असतानाच मिळतो. लॅपटॉप चार्जरला जोडावा, ब्राउझर बंद करावा, स्टीमचा फ्रेम मोजणारा आकडा चालू करावा आणि शांत सुरुवातीवर न थांबता गर्दीच्या प्रसंगापर्यंत पोहोचावे. तेथे अडखळले तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणून तोच प्रसंग पुन्हा खेळावा. आकडा वाढला तर अडचण ग्राफिक्सची आहे आणि सेटिंग्ज कमी करून ती सुटू शकते. आकडा होता तेथेच राहिला, तर बहुधा प्रोसेसर कमी पडत आहे, जसे फॅक्टोरिओमध्ये कारखाना अवाढव्य झाल्यावर होते, आणि तेथे चित्रे कितीही साधी केली तरी फरक पडत नाही. सरासरी आकडा चांगला असून मध्येच क्षणभर सगळे गोठत असेल आणि त्याच वेळी हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर रॅम अपुरी पडत असल्याचा संशय घ्यावा. लॅपटॉपमध्ये रॅमची दुसरी जागा रिकामी असल्यास तेथे जुळणारी ४ जीबीची पट्टी बसवावी. दोन पट्ट्या जोडीने चालू लागल्यावर डेटाची ये-जाही रुंदावते, आणि हॉलो नाइटसारख्या थरांच्या खेळांना त्याचा सर्वाधिक लाभ होतो.