बैठकीनंतरच्या मेसेजमधल्या या चुका टाळा

शेतकरी उत्पादक कंपनी असो की पाणलोट समिती, बैठक उठली की ग्रुपवर मेसेज पडतो: "बैठक छान झाली. उगवण चाचणी गजाननभाऊ व मंडळी करतील. पुढची बैठक लग्नाच्या तिथी पाहून ठरवू." काम नक्की कोणाचं आणि पुन्हा कधी बसायचं, या दोनच गोष्टींसाठी हा मेसेज असतो. नेमक्या त्याच दोन गोष्टी त्यात नसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एका कामापुढे "व मंडळी" लिहिणं. आमच्या भागातल्या एका गटात मे महिन्यात असंच झालं. घरचं सोयाबीन बियाणं सभासदांना वाटायचं होतं. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. मळणीत मार लागला किंवा पोती आदळली की उगवण घटते, म्हणून आधी चाचणी करायचं ठरलं. काम मोठं नाही. प्रत्येक ढिगातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात रांगेनं मांडून गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि पाच-सहा दिवसांनी मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं, कमी उगवले तर प्रमाण वाढवायचं किंवा बियाणं बदलायचं.

मेसेजमध्ये नाव होतं "गजाननभाऊ व मंडळी". गटात गजानन तिघं. ज्यांच्याकडे बैठकीत नजर गेली होती, त्यांना वाटलं दुसरे करतील. दुसऱ्यांना तर हे काम आपल्यावर आहे, हेच माहीत नव्हतं. नमुन्याच्या पिशव्या ऑफिसच्या कपाटात तशाच राहिल्या आणि बियाणं वाटून झालं. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर लोकांनी पेरलं, आणि कित्येक वावरांत तासं विरळ निघाली. दुबार पेरणीची वेळ आली तेव्हा दोघं एकमेकांना म्हणत होते, "मले वाटलं, तुम्ही केली असन." दोघंही खरंच बोलत होते.

म्हणून एका कामाला एकच नाव, आडनावासकट. मदतीला दहा जण असू द्या, पण विचारायचं एकालाच. मी बैठक उठायच्या आधी प्रत्येक काम नावासह मोठ्यानं वाचतो आणि त्या माणसाच्या तोंडून "हो" ऐकतो. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम घालायचं असेल तर आधी फोन करतो, मगच नाव लिहितो. मेसेज असा जातो:

"उगवण चाचणी: गजाननभाऊ (आडनाव). सर्व ढिगांचे नमुने लावून आकडे १५ मे, शुक्रवारपर्यंत ग्रुपवर. आकडे येईपर्यंत बियाणं वाटायचं नाही.
पुढची बैठक: १८ मे, सोमवार, सकाळी ८, समाजमंदिर.
ज्यांचं नाव आहे त्यांनी 'हो, करतो' लिहावं. तारीख अडत असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगावं."

"आकडे येईपर्यंत वाटायचं नाही" ही ओळ लोक लांबी वाढते म्हणून गाळतात. तीच ठेवा. काम राहिलं तर काय अडेल, हे त्या ओळीतून कळतं.

अंगठा म्हणजे होकार नव्हे. निळी टिकही नव्हे, तिचा अर्थ मेसेज उघडला एवढाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्याचं उत्तर नाही, त्याला मी फोन लावतो. घाई करणारे म्हणतात, ग्रुपवर टाकलं म्हणजे कळलं सगळ्यांना. पण साधा फोन वापरणाऱ्या बाया-माणसांना ग्रुपच नसतो. त्यांना फोन करणं हा मेसेज पाठवण्याचाच भाग आहे.

दुसरी चूक तारखेची. "पोळ्यानंतर दोन दिवसांनी" असं विदर्भात लिहूच नये. कोणी मोठ्या पोळ्यापासून मोजतो, कोणी दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यापासून, आणि अर्धे लोक एक दिवस उशिरा येतात. "पुढच्या सोमवारी" म्हटलं तरी तेच. तारीख, वार, वेळ, जागा, चारही लिहा आणि तारखेचा वार कॅलेंडरवर पाहून घ्या. तारीख एक आणि वार दुसऱ्याच दिवसाचा असला, तर कास्तकार वारावर चालतो. आठवडी बाजाराचा दिवस टाळा.

व्हॉइस नोट नको, त्यात तारीख शोधावी लागते. रजिस्टरच्या पानाचा फोटो तर मुळीच नको.

मेसेज त्याच संध्याकाळी पाठवा आणि ग्रुपमध्ये पिन करा. तारीख बदलली तर जुना मेसेज दुरुस्त करत बसू नका. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांनंतर ते जमत नाही, आणि आधी वाचून गेलेला माणूस पुन्हा पाहत नाही. "बदललेली तारीख" असं वर लिहून नवा मेसेज टाका, जुन्याचा पिन काढा. संचालक मंडळाची बैठक असेल तर रीतसर सूचना वेगळी काढावीच लागते, या मेसेजनं ती भागत नाही.