ऑक्झॅलिक आम्लाची एकच बाटली, दोन टायट्रेशन: नॉर्मॅलिटीचे गणित कसे सोडवावे

टायट्रेशनच्या गणितात बहुतेक चुका गुणाकारात होत नाहीत. त्या होतात सममूल्यभार, म्हणजे इक्विव्हॅलंट वेट, काढताना. रेणुभाराला कितीने भागायचे हा आकडा पदार्थावर कोरलेला नसतो, तो अभिक्रियेतून येतो. एकाच ऑक्झॅलिक आम्लाने आधी सोडियम हायड्रॉक्साइड आणि मग पोटॅशियम परमँगनेट तपासले की हे नीट कळते.

आधी द्रावण करा. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल H₂C₂O₄·2H₂O असते. त्यातले पाणीही वजनात येते, म्हणून रेणुभार ९० नव्हे, १२६ धरा. हा रेणू दोन H⁺ देतो, म्हणून सममूल्यभार १२६ ÷ २ = ६३. ०.१ N द्रावणाच्या एका लिटरला ६.३ ग्रॅम लागेल, तर २५० मिलीला १.५७५ ग्रॅम. सुरुवात या आम्लापासूनच करायची, कारण ते नेमके तोलता येते. सोडियम हायड्रॉक्साइड तोलतानाच हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे तराजूवरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. पिपेट तोंडाने ओढू नका, रबरी बल्ब वापरा.

आता पहिले टायट्रेशन. फ्लास्कमध्ये १० मिली आम्ल घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. मिथिल ऑरेंज इथे चालत नाही, कारण आम्ल सौम्य असल्यामुळे त्याचा रंग अंतिम बिंदूच्या आधीच बदलू लागतो. फिकट गुलाबी रंग टिकला की वाचन घ्या. समजा ९.८ मिली लागले. सममूल्यतेचा नियम सांगतो की आम्लाचे जितके सममूल्य, तितकेच अल्कलीचे:

N₁V₁ = N₂V₂
०.१ × १० = N₂ × ९.८
N₂ = ०.१०२

समीकरण संतुलित न करताही हे जमते. एक सममूल्य म्हणजे एक मोल H⁺ देणारी किंवा घेणारी मात्रा, असे आपण आधीच ठरवून घेतले आहे. भागाकार तिथेच होऊन गेला, म्हणून इथे हिशोब एकास एक.

दुसऱ्या टायट्रेशनलाही तेच १० मिली आम्ल घ्या. त्यात पुरेसे विरल सल्फ्युरिक आम्ल घालून द्रावण सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडा. हायड्रोक्लोरिक आम्ल घालू नका, परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होते. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, घाई करू नका. तयार होणारे Mn²⁺ स्वतःच अभिक्रियेचा वेग वाढवते आणि पुढचे थेंब झटपट विरतात. परमँगनेट गडद असल्याने ब्युरेटमध्ये वरची कडा वाचा.

समजा १०.४ मिली लागले. N = ०.१ × १० ÷ १०.४ = ०.०९६२. आम्लयुक्त माध्यमात मँगनीज +७ वरून +२ वर येते, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेते. म्हणून KMnO₄ चा सममूल्यभार १५८ ÷ ५ = ३१.६, आणि लिटरमध्ये ३१.६ × ०.०९६२ = ३.०४ ग्रॅम. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा दिसला तर आम्ल कमी पडले असे समजा. त्या वेळी काही मँगनीज MnO₂ वरच, म्हणजे तीन इलेक्ट्रॉनवर, थांबलेले असते. मग परमँगनेट जास्त लागते आणि नॉर्मॅलिटी खोटी कमी दिसते. ते वाचन टाकून द्या.

एक गोष्ट इथे सहज निसटते. ऑक्झॅलिक आम्लाला दोन्ही वेळा २ नेच भागले, पण कारणे वेगळी होती. पहिल्या वेळी दोन H⁺. दुसऱ्या वेळी दोन कार्बन +३ वरून +४ वर गेले, म्हणून दोन इलेक्ट्रॉन. आकडे जुळले हा योगायोग आहे, आणि त्यावरून ‘ऑक्झॅलेटचा आकडा २’ असे पाठ करणारा पुढच्या गणितात हमखास अडकतो.

ते गणित असे: ०.१ M पोटॅशियम हायड्रोजन ऑक्झॅलेटच्या, म्हणजे KHC₂O₄ च्या, १० मिलीला ०.१ N NaOH किती लागेल आणि ०.१ N KMnO₄ किती? द्यायला H⁺ एकच उरला आहे, म्हणून NaOH साठी हे द्रावण ०.१ N ठरते आणि १० मिली लागतात. कार्बन मात्र अजून दोनच आहेत, म्हणून परमँगनेटसाठी तेच द्रावण ०.२ N होते आणि २० मिली लागतात. सममूल्यभारही पहिल्या वेळी १२८, दुसऱ्या वेळी ६४. म्हणून बाटलीच्या चिठ्ठीवर M लिहा, आणि N लिहायचेच असेल तर शेजारी अभिक्रियाही लिहा.