तासागणिक अबॅन्डन रेट काढताना या चुका टाळा

सांगलीत ठिबक संचांच्या विक्रीपश्चात सेवेसाठी चालणाऱ्या एका कॉल सेंटरचा शिफ्ट-रिपोर्ट मी काही हंगाम तयार केला. ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांची फळछाटणी सुरू झाली की तासगाव-मिरज भागातील शेतकऱ्यांचे फोन वाढतात आणि ते दिवसभर सारखे येत नाहीत. सकाळी बागेत चक्कर मारून, कुठे पाणी पोचले नाही ते पाहून माणूस घरी येतो आणि दहाच्या पुढे फोन हातात घेतो. अशा एका सोमवारचे सकाळी १० ते ११ या तासाचे आकडे खाली वापरले आहेत. समजायला सोपे जावेत म्हणून ते पूर्णांकात आणले आहेत, पण चुका मात्र आम्ही केलेल्याच आहेत.

त्या तासात क्यूमध्ये १३० कॉल आले आणि त्यांपैकी ३० जणांनी एजंट लाइनवर येण्यापूर्वीच फोन ठेवला. म्हणजे अबॅन्डन रेट २३ टक्के झाला. आमची पहिली चूक इथेच झाली, कारण आम्ही तास हेच सर्वांत लहान माप धरले होते. तोच तास अर्ध्या तासांत मोडल्यावर पहिल्या भागात ५० कॉलपैकी २ सुटले होते, तर साडेदहा ते अकरा या भागात ८० पैकी २८. एका बाजूला ४ टक्के आणि दुसऱ्या बाजूला ३५ टक्के असताना २३ हा आकडा प्रत्यक्षात कोणत्याच वेळेचे वर्णन करत नाही. शिवाय या दोन टक्केवारींची सरळ सरासरी काढली तर साडेएकोणीस येते, जी चुकीची आहे. टक्केवारींची सरासरी कधीच काढू नये. आधी सुटलेल्या कॉलची बेरीज, मग आलेल्या कॉलची बेरीज आणि शेवटी भागाकार, हाच क्रम दिवसाच्या आणि आठवड्याच्या रिपोर्टलाही लागू आहे.

दुसरी चूक अधिक लपलेली होती आणि तिच्यामुळे आम्ही दोन आठवडे चुकीच्या वेळेला माणूस वाढवला. आमच्या सिस्टिममधून निघणारी फाइल कॉल संपल्याच्या वेळेनुसार लावलेली होती. १०:५६ ला क्यूमध्ये आलेल्या आणि ११:०१ ला कंटाळून फोन ठेवलेल्या शेतकऱ्याची नोंद त्यामुळे अकराच्या खात्यात पडत होती. अकराचा तास वाईट दिसला, म्हणून अकराला एक जादा एजंट आला आणि साडेदहाची रांग होती तशीच राहिली. कॉल नेहमी तो क्यूमध्ये शिरला त्या वेळेच्या खात्यात मोजावा. क्यूमध्ये शिरल्याची वेळ बी स्तंभात असेल, तर शीटमध्ये एवढे सूत्र पुरते:

```
=FLOOR(MOD(B2,1),TIME(0,30,0))
```

ही चूक ओळखण्याची खूणही आहे. गर्दीच्या एखाद्या खात्यात सुटलेले आणि घेतलेले मिळून होणारी बेरीज आलेल्या कॉलशी जुळत नसेल आणि तेवढाच फरक पुढच्या खात्यात उलट्या दिशेने दिसत असेल, तर दोन स्तंभ वेगवेगळ्या वेळेवर मोजले जात आहेत असे समजावे.

साडेदहाला नेमके काय घडत होते, हे रिपोर्टमध्ये नव्हतेच. ते पाहायला जागेवर उभे राहावे लागले. दहापैकी तीन एजंट साडेदहाला हेडसेट टेबलावर ठेवून चहाला जात, ते पावणेअकराला परतले की पुढचे तिघे उठत आणि उरलेले चौघे अकरानंतर. प्रत्येकाचा ब्रेक नियमानुसार पंधरा मिनिटांचाच होता, तक्रारीला जागा नव्हती, पण पूर्ण अर्धा तास खुर्चीवर सातच माणसे होती. एका कॉलला सरासरी चार मिनिटे लागत असल्याने एक माणूस अर्ध्या तासात साडेसात कॉल घेऊ शकतो. सात जणांचे साडेबावन्न होतात आणि त्या अर्ध्या तासात घेतलेले कॉल होते बरोबर ५२. घेतलेल्या कॉलची संख्या क्षमतेला अशी चिकटलेली दिसली की ती मागणी नसते, ती फक्त आपली मर्यादा असते. तरीही अनेक टीम लीडर याच ५२ वरून पुढच्या आठवड्याची माणसे काढतात आणि ‘सात पुरेत’ असा निष्कर्ष हाती येतो.

मग ८० वरून काढावीत का? तेही नाही. फोन ठेवलेला शेतकरी गप्प बसत नाही, तो पुन्हा लावतो. फोन नंबर जुळवून पाहिले तेव्हा ८० कॉलमागे ६५ वेगळे नंबर होते. मागणी धरायची ती या ६५ ची. पासष्ट गुणिले चार म्हणजे २६० मिनिटांचे काम तीस मिनिटांत करायचे, म्हणजे किमान नऊ माणसे सतत बोलत राहिली पाहिजेत. पण कॉल रांगेने ठरावीक अंतराने येत नाहीत, ते झुंडीने येतात, म्हणून अर्लांग-सी या सूत्राने हिशेब करावा. त्यानुसार दहा माणसे बसली तर सरासरी प्रतीक्षा सुमारे पावणेदोन मिनिटे, अकरा बसली तर सुमारे ३७ सेकंद आणि बारा बसली तर १६ सेकंदांच्या आसपास येते. कोणीही फोन ठेवत नाही असे हे सूत्र गृहीत धरते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रतीक्षा थोडी कमी भरते. तरी दहा आणि बारा यांतला फरक त्यातून स्पष्ट दिसतो.

प्रतीक्षेच्या वेळेतही असाच एक सापळा आहे. आमचा रिपोर्ट त्या अर्ध्या तासासाठी सरासरी ७० सेकंद दाखवत होता आणि व्यवस्थापकांना ते ठीक वाटत होते. ती सरासरी फक्त घेतलेल्या ५२ कॉलची होती. ज्या २८ जणांनी फोन ठेवला त्यांनी सरासरी १५० सेकंद वाट पाहिली होती आणि सगळे ८० मिळून ९८ सेकंद होतात. हाही आकडा कमीच आहे, कारण ते लोक थांबले असते तर आणखी किती थांबावे लागले असते हे त्यात येत नाही. दोन्ही गटांची प्रतीक्षा शेजारी-शेजारी छापावी आणि सोबत २० सेकंदांत किती कॉल घेतले गेले तेही द्यावे. एकट्या सरासरीवर माझा तरी विश्वास उरलेला नाही.

पाच सेकंदांच्या आत ठेवलेल्या फोनबद्दल थोडक्यात. चुकून लागलेले असे कॉल वगळणे योग्यच आहे, पण ते वरून आणि खालून, दोन्हीकडून वगळावेत. आमच्या २८ मध्ये असे ६ होते. म्हणून ७४ पैकी २२, म्हणजे सुमारे ३० टक्के. मर्यादा पाचची की दहाची, हे एकदा ठरवून रिपोर्टच्या माथ्यावर लिहून ठेवावे. एका महिन्यात मर्यादा पाचवरून वीसवर नेऊन अबॅन्डन रेट ‘सुधारलेला’ मी पाहिला आहे.

आम्ही शेवटी चहा सव्वाअकरानंतर दोन-दोनच्या गटांत सरकवला आणि बाराच्या शिफ्टमधील दोघांना छाटणीच्या हंगामापुरते साडेदहाला बोलावले. त्या दोघांचा संध्याकाळचा शेवटचा दीड तास कमी झाला, म्हणून साडेसहा ते आठ या तीन अर्ध्या तासांचे खाते पुढचे दोन आठवडे वेगळे काढून पाहिले. तिथे एकाही वेळेस कॉल क्षमतेला टेकले नाहीत.