सिलिंडरची अनामत आणि चुकलेले बिल

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ऑक्सिजनचे 6 सिलिंडर आले, तेव्हा पुरवठादाराने वायूचे 2,400 आणि परत मिळणाऱ्या अनामतीचे 30,000 रुपये एकत्र धरून त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,832 रुपये लावले होते. मीही डोळे झाकून सगळे खरेदी खात्यावर टाकले. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 2(31) नुसार पुरवठादार अनामत मोबदल्यापोटी वळती करून घेत नाही, तोवर ती मोबदला ठरत नाही. म्हणजे कर फक्त वायूवर, 432 रुपये, हवा होता. मग अनामत व तिच्यावरील 5,400 रुपये कर यांची क्रेडिट नोट घेतली, तेवढे इनपुट क्रेडिट उलटवले आणि वेगळ्या पावतीवर 30,000 रुपये ‘सिलिंडर अनामत’ या येणे खात्यात नेले.

परतीच्या वेळी त्यांच्याकडे 5च सिलिंडर जमा दिसले, कारण चलनावर नुसते नग लिहिले होते. सुदैवाने आमचा वॉचमन सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेला क्रमांक गेट रजिस्टरात लिहीत असे. त्यावरून सहावा सिलिंडर दुसऱ्याच ग्राहकाच्या नावे जमा झाल्याचे निघाले आणि अडकलेले 5,000 रुपये सुटले. आता प्रत्येक परत-चलनावर मी क्रमांकासह सही घेतो.