पगारातली उचल: खर्च पूर्णच दाखवा

कामगाराला १२,००० रुपये उचल दिली तर ती पगारखर्चात टाकू नका. ते येणं आहे, म्हणून त्याच्या नावाचं खातं टॅलीत Loans & Advances (Asset) खाली उघडा. उचल देताना हे खातं नावे, रोख जमा.

पगार १८,००० आणि हप्ता २,००० असेल, तर महिनाअखेरीस पगारखर्च १८,००० नावे, उचल खातं २,००० जमा, देय पगार १६,००० जमा (पीएफ वगैरे कपाती वेगळ्या). बरेच जण हातात दिलेले १६,०००च खर्ची टाकतात. मग खर्च कमी दिसतो आणि उचल खातं हलतच नाही. पीएफही हप्ता वजा करण्याआधीच्या पगारावरच काढायचा.

तिसऱ्या हप्त्यानंतर शिल्लक ६,००० नावे हवी. सहाव्यानंतर खातं जमा बाजूला गेलं, तर हप्ता जास्तीचा कापला गेलाय.